काठावरून घसरणारी साखळी, नोंद दुसरी: घर्षण धरून

मागच्या नोंदीत गुळगुळीत टेबल धरलं होतं. या खेपेला घर्षण घेतलंय. साखळी १.२० मीटरची, बारीक गोल कड्यांची, बेळगावच्या खडेबाजारात मीटरवर तोडून मिळते तसली. टेबलावर सनमायका. साखळीचं वजन करत बसू नका, ते समीकरणातून उडून जातं.

L ही साखळीची लांबी आणि μ हा घर्षणांक धरला, तर लोंबणारा x एवढा भाग ओढतो, वर उरलेला अडवतो:

```
x'' = (g/L)[(1+μ)x − μL]
```

कंस शून्य होतो ती जागा `xc = μL/(1+μ)`. अंतर तिथून मोजलं, म्हणजे `y = x − xc` घेतलं, की उरतं `y'' = k²y`, जिथे `k² = g(1+μ)/L`. उत्तरात दोन घातांकी पदं येतात, एक वाढणारं आणि एक विरणारं. हात सोडताना वेग शून्य असेल तर दोन्हींचे गुणक सारखे असतात आणि `y = y0 cosh(kt)` मिळतं. सोडताना जरासा धक्का बसला तरी हे बिघडतं, म्हणून मागचं टोक दोऱ्याने बांधून दोरा जाळावा.

μ कुठला घ्यायचा, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. साखळी हळूहळू काठाकडे सरकवली तर २६ सेंटीमीटर लोंबल्यावर ती आपणहून निघते. त्यावरून २६/९४ = ०.२८ येतो, पण तो स्थिर घर्षणाचा. समीकरणात गतीतला लागतो. तो काढायला मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण करा आणि `arccosh(y/y0)` चा वेळेशी आलेख काढा. μ बरोबर असेल तर सरळ रेघ येते आणि तिचा चढ k एवढाच भरतो. इथे ०.२० जुळला, म्हणजे xc = २० सेंटीमीटर.

आता ३० सेंटीमीटर लोंबत सोडली, y0 = ०.१० मीटर. संपूर्ण सुटायला `T = (1/k) arccosh(10)` = ०.३१९ × २.९९, म्हणजे ०.९६ सेकंद. घर्षण नसतं तर ०.७२. y0 ०.०७ मीटर केला की वेळ जेमतेम ०.११ सेकंदाने वाढते. मात्र y0 लहान असताना मोजपट्टीतली २ मिलिमीटरची चूकही जड जाते, त्यामुळे २७ सेंटीमीटरच्या आसपास सोडण्यात अर्थ नाही.

पण ही ०.९६ प्रत्यक्ष मोजलेल्या वेळेशी ताडू नका. वेग वाढला की साखळीला काठावर काटकोनात वळवण्यापुरता ताण उरत नाही. ताण λv² पेक्षा कमी झाला की ती काठ सोडून पुढे फेकली जाते (λ म्हणजे दर मीटरचं वस्तुमान). या मापांना हे x = ७८ सेंटीमीटरला, ०.७८ सेकंदाला घडतं. चित्रणात काठाशी साखळी कमानीसारखी उचललेली दिसते, तिथून पुढे वरचं समीकरण लागू नाही. म्हणून ताळा ७० सेंटीमीटरपर्यंतच घ्यावा: `arccosh(5)/k` = ०.७३ सेकंद, साधारण १७६ फ्रेम.

शेवटपर्यंत न्यायचं असेल तर काठावर पीव्हीसी एल्बो बसवून साखळी त्यातून सोडायला हवी. मग एल्बोचं घर्षण वेगळं मोजावं लागेल. पुढची नोंद त्यावर.