कॅल्शियम न घालताही फायबर आखडतो तेव्हा : सोलापुरात केलेला ग्लिसरिन-स्नायूचा प्रयोग

स्नायूच्या आकुंचनावरचा हा प्रयोग प्रॅक्टिकलच्या वहीत साधा दिसतो. ग्लिसरिनमध्ये मुरवलेला स्नायूचा बारीक फायबर स्लाइडवर घ्यायचा, त्यावर एटीपी, पोटॅशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण सोडायचं आणि तो किती आखडतो ते पट्टीवर मोजायचं. मी पहिल्यांदा केला तेव्हा फायबर २० मिलिमीटरवरून ११ वर आला. कॅल्शियम मात्र मी कुठेच घातलं नव्हतं. मग आकुंचनाला कॅल्शियम लागतं असं आपण शिकवतो, ते काय?

उत्तर पाण्यात आहे. आकुंचन सुरू व्हायला स्नायूतल्या फिलॅमेंट म्हणजे प्रथिनांच्या तंतूंभोवती लिटरला साधारण १ मायक्रोमोल मुक्त कॅल्शियम पुरतं आणि १० मायक्रोमोलला ते पूर्ण जोरात होतं. आता सोलापुरातल्या बोअरचं जड पाणी घ्या. त्यात लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं, तर ते २००० मायक्रोमोल झालं. नळाखाली विसळलेल्या बीकरमध्ये अशा पाण्याचा एकच थेंब, म्हणजे ०.०५ मिलिलिटर, राहिला आणि त्यावर १० मिलिलिटर द्रावण ओतलं, तर त्या थेंबानेच द्रावणात लिटरला १० मायक्रोमोल कॅल्शियम आलं. फायबरला आणखी काही लागत नाही. डिस्टिल्ड वॉटर वापरलं तरी काच, क्षार आणि खुद्द स्नायू यांतून एवढं कॅल्शियम येतंच. ॲनेमारी वेबर आणि सेत्सुरो एबाशी या संशोधकांनी १९६०च्या आसपास कॅल्शियमची भूमिका पक्की केली, तीही कॅल्शियम धरून ठेवणारी रसायनं वापरूनच. म्हणून या प्रयोगात ईजीटीए हवंच. ते कॅल्शियमला घट्ट पकडतं आणि मॅग्नेशियमला जवळपास सोडून देतं, त्यामुळे एटीपीला लागणारं मॅग्नेशियम शाबूत राहतं.

स्नायू बोकडाचा चालतो. सकाळी खाटकाकडे थांबून, कापल्यावर अर्ध्या तासाच्या आत, कण्याच्या आतल्या बाजूने मूत्रपिंडांमागे जाणारा लांब मऊ स्नायू मागून घ्यावा. त्याचे फायबर लांबीला सरळ असतात. पेन्सिलीएवढी जाड पट्टी सुटी करायची, पण टोकं कापण्याआधीच ती आइस्क्रीमच्या काडीला दोऱ्याने दोन्हीकडे बांधायची. आधी कापली तर पट्टी आखडून बसते आणि पुढे मोजायला काही उरत नाही. काडीसकट ती थंडगार ५० टक्के ग्लिसरिनमध्ये टाकायची, एक दिवस फ्रीजमध्ये ठेवून द्रावण बदलायचं आणि मग उणे २० अंशाला किमान तीन आठवडे ठेवायची. या काळात फायबरची आवरणं फाटतात, आतला एटीपी आणि क्षार धुऊन जातात, सार्कोप्लाझ्मिक जाळीची कॅल्शियम साठवायची ताकद जाते. आकुंचन घडवणाऱ्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांची रचना मात्र जागेवर राहते. बाहेरून जे द्याल तेवढंच आता आत असतं.

मूळ द्रावण १०० मिलिलिटरसाठी असं : पोटॅशियम क्लोराइड ०.६ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं) ०.१४ ग्रॅम, इमिडॅझोल ०.१४ ग्रॅम, ईजीटीए ०.१९ ग्रॅम आणि एटीपीचं डायसोडियम मीठ ०.२८ ग्रॅम. ईजीटीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालत गेलं की विरघळतं. एटीपी शेवटी घालायचं, आणि ते आम्ल असल्यामुळे त्यानंतर पीएच ७ वर आणायचाच. हे झालं शिथिल ठेवणारं द्रावण. यातलं निम्मं वेगळं काढून त्यात ०.०३७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) घातलं की आकुंचन करवणारं द्रावण तयार. इथे बहुतेकांची चूक होते. ईजीटीए कॅल्शियमला पकडताना दोन प्रोटॉन सोडतं, त्यामुळे पीएच घसरतो. पीएच खाली गेला की ईजीटीएची पकड सैल होते आणि फायबरमधल्या कॅल्शियम पकडणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचीही. म्हणून कॅल्शियम घातल्यावर पीएच पुन्हा मोजून ७ करायचा. तिसरं द्रावण कॅल्शियमसह, पण एटीपीशिवाय.

फायबर सुईने सोडवून ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक करायचे. जाड जुडग्यात बाहेरचे फायबर एटीपी संपवतात, गाभ्यापर्यंत ते पोचतच नाही, आणि ताठ राहिलेला गाभा सगळ्यांना अडवतो.

आता स्लाइडवर. एटीपीशिवायच्या द्रावणात कॅल्शियम असूनही काही हलत नाही, फायबर काडीसारखा ताठ. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून बसलेली असतात, त्यांना सोडवायला एटीपी लागतं. शिथिल द्रावणात एटीपी आहे, पण कॅल्शियम नाही. फायबर मऊ पडतो, चिमट्याने ओढला तर ताणला जातो, पण आखडत नाही. हे दृश्य ज्याने पाहिलं त्याला कॅल्शियमचं काम कळलं. कॅल्शियम काही ओढत नाही. ते ट्रोपोनिन-सीला चिकटतं, त्यामुळे सात ॲक्टिनवर आडवा पडलेला ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतो आणि मायोसिनला जागा मोकळी होते. ओढायचं काम मायोसिन एटीपीच्या जोरावर करतं. तिसऱ्या पायरीला कॅल्शियमचं द्रावण सोडलं की अर्ध्या मिनिटात फायबर आखडतो. पुन्हा शिथिल द्रावणाने तीन-चारदा धुतलं तर तो सैल होतो, पण लांबत नाही. लांब करायला ओढावंच लागतं, जसं अंगात समोरचा स्नायू ओढतो.

एका गोष्टीची खबरदारी घ्या. मोकळा सोडलेला फायबर २० वरून ११ मिलिमीटरवर आला, म्हणजे फायबरमधला आखडणारा सर्वात छोटा तुकडा, सार्कोमिअर, २.४ मायक्रोमीटरवरून १.३ वर आला. मायोसिनचं जाड फिलॅमेंट स्वतःच १.६ मायक्रोमीटरचं आहे. म्हणजे ते सार्कोमिअरच्या दोन्ही टोकांच्या झेड-रेषांवर आदळून चुरगळलंय, आणि जाड फिलॅमेंटांचा ए-पट्टा तसाच राहतो हे अशा फायबरवर दिसणार नाही. फिलॅमेंट एकमेकांवरून सरकतात हे दाखवायचं तर आकुंचन १५ मिलिमीटरवर थांबवा. २० मिलिमीटरच्या फायबरची टोकं १५ मिलिमीटर अंतरावर सुपरग्लूने चिकटवा, मधला भाग सैल राहू द्या. कॅल्शियम दिलं की झोळ भरून येतो आणि फायबर तिथेच ताणून थांबतो. सार्कोमिअर १.८ मायक्रोमीटर. ए-पट्टा १.६ चाच, दोन ए-पट्ट्यांमधला आय-पट्टा ०.८ वरून ०.२ वर. १९५४ साली दोन वेगळ्या गटांनी सूक्ष्मदर्शकाखाली हेच मांडलं.

सूक्ष्मदर्शकात हे पट्टे अंधुक दिसत असतील तर साधा लाल लेझर पुरतो. पट्टे प्रकाश वळवणाऱ्या जाळीसारखे काम करतात. ६५० नॅनोमीटरचा किरण फायबरवर सरळ पाडून मागे १०० मिलिमीटरवर पांढरा कागद ठेवा. २.४ मायक्रोमीटरला मधल्या ठिपक्यापासून बाजूची रेघ २८ मिलिमीटरवर पडते, १.८ ला ती ३९ वर सरकते. फायबर आखडतो आणि रेघा बाहेर पळतात, पट्टीने मोजता येईल इतक्या. त्याच रेघा फिकट होऊन पसरायला लागल्या तर सार्कोमिअर एकसारखे राहिले नाहीत असं समजा. खोली ३० अंशाच्या वर गेली की हे फार लवकर होतं, म्हणून सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही हे प्रॅक्टिकल सकाळी लवकर घेतो आणि स्लाइडखाली बर्फाच्या पाण्याची पिशवी ठेवतो.