पन्नास हजारांची केळी

पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी तालुक्यांचे पान पाहते. पेडणे, डिचोली, सत्तरी येथून येणारी कॉपी तपासायची, तिला मथळा द्यायचा आणि वेळेत पानावर लावायची, असे हे काम आहे. आमचे जुने बातमीदार हाताने लिहिण्यात तरबेज असले तरी फोनवर टंकन करणे त्यांना जिवावर येते. त्यामुळे २०१७ मध्ये गूगलने मराठीतून बोलून लिहिण्याची सोय दिली, तेव्हापासून त्यांच्यातले बरेचजण वहीतली बातमी फोनला वाचून दाखवतात आणि उमटलेला मजकूर आम्हांला पाठवतात. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात, विरामचिन्हे नसतात, पण बातमी असते.

ऑक्टोबरातल्या त्या रात्री सत्तरीच्या बातमीदाराकडून जो मजकूर आला, तो मात्र पूर्णपणे इंग्रजी होता. रोमन लिपीतले ते शब्द मी येथे देवनागरीत देते. पहिले वाक्य असे होते : ‘कॉल संध्या केली वॉज द ली व्हेरी अ म्यूल कूलर गराज अ मोटर न्यू सन जेली.’ माझ्या शेजारी बसणाऱ्या शिकाऊ उपसंपादिकेने पहिले दोन शब्द वाचून विचारले, “ताई, ही संध्या कोण? तिला फोन करायला सांगितलंय का?” प्रश्न हसण्यासारखा असला तरी चुकीचा नव्हता, कारण तेवढा तुकडा खरोखरच अर्थपूर्ण होता. संगणकावरील शुद्धलेखन तपासणीनेही एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नव्हती. नावे सोडली तर प्रत्येक शब्द इंग्रजी कोशातला होता आणि अचूक लिहिलेला होता.

बातमीदाराला फोन लावला, तर तो लागेना. पाऊस झाला की सत्तरीच्या आतल्या गावांत रेंज जाते. मजकूर सुटला तेव्हा ती क्षणभर आली असावी. बाहेरगावी लवकर जाणाऱ्या डाक आवृत्तीचे पान सोडायला तासाभराचा अवकाश होता. तेव्हा मी तो मजकूर डोळ्यांनी वाचणे सोडून दिले आणि मोठ्याने, भरभर, शब्दांमधली अंतरे न पाळता म्हणून पाहिला. तिसऱ्या खेपेला ‘कॉलसंध्याकेली’मधून ‘काल संध्याकाळी’ ऐकू आले, त्यामागोमाग ‘वादळी वाऱ्यामुळे’ आले, आणि ‘कूलर गराज अ मोटर न्यू सन जेली’ म्हणजे ‘कुळागरांचे मोठे नुकसान झाले’, अर्थात सुपारीच्या बागायतींचे नुकसान झाले, हे कळल्यावर आम्ही दोघी खुर्चीतून उठलोच.

हे असे का होते, हे थोडे सांगायला हवे. बोलणे लिहून घेणाऱ्या अशा यंत्रणेला सहसा भाषा आधी सांगावी लागते. मराठीसाठी mr-IN, भारतीय इंग्रजीसाठी en-IN अशी खूण आत दिलेली असते. काही यंत्रणा भाषा आपणहून ओळखण्याचा प्रयत्न करतात, पण ज्यांना एकच भाषा नेमून दिलेली असते, त्या बोलणारा माणूस कोणत्या भाषेत बोलतो आहे, असा प्रश्नच विचारत नाहीत. आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे, नेमलेल्या भाषेतल्या कोणत्या ध्वनींशी ते जुळतात हे पाहायचे, आणि त्या ध्वनींतून त्या भाषेतली सर्वांत संभाव्य शब्दमाला निवडायची, एवढेच त्यांचे काम. इंग्रजी नेमलेल्या यंत्रणेच्या शब्दसाठ्यात ‘कुळागर’ नसते, म्हणून ती जवळात जवळचे ‘कूलर’ आणि ‘गराज’ उचलते. शिवाय कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी शोभतो, हेही तिला ठाऊक असते. त्यामुळेच ‘कॉल’नंतर एखाद्या बाईचे नाव येणे तिला अगदी स्वाभाविक वाटते.

म्हणूनच हा बिघाड गोंगाटाच्या किंवा कमकुवत माइकच्या बिघाडापेक्षा वेगळा ओळखता येतो. गोंगाट असला की शब्द गळतात, वाक्ये अर्धवट राहतात, मजकूर तोकडा पडतो. येथे काहीच गळले नव्हते. लांबी बरोबर, लय बरोबर, फक्त भाषा परकी. आणखी एक खूण आम्हांला पुढच्या परिच्छेदात सापडली. त्या सगळ्या असंबद्ध मजकुरात ‘ट्रान्सफॉर्मर’, ‘पंचायत’ आणि ‘झोनल ॲग्रिकल्चर ऑफिसर’ हे शब्द बेटांसारखे जसेच्या तसे उभे होते. आपण मराठी बोलताना जे इंग्रजी शब्द सहज वापरतो, ते इंग्रजी नेमलेल्या यंत्रणेला बिनचूक कळतात, आणि पंचायतीसारखा शब्द भारतीय इंग्रजीत रुळलेलाच आहे. अशी बेटे दिसली की फोन धड आहे, बोलणाराही स्पष्ट बोलला आहे आणि चुकली आहे ती भाषेची निवड, हे जवळजवळ नक्की समजावे. या शब्दांनी आम्हांला आधारही दिला : ट्रान्सफॉर्मरच्या आसपास वीज खंडित झाल्याचे वाक्य असणार, ॲग्रिकल्चर ऑफिसरच्या आसपास पाहणीचे असणार, असा अंदाज धरून आम्ही पुढे सरकलो.

‘रोस्टर वर अँबर चेंज जार’ म्हणजे रस्त्यावर आंब्याचे झाड, हे पटकन सुटले. ‘डन टास्क बँड हॉटेल’ याचे ‘दोन तास बंद होती’ असे झाले आणि त्याच्या आधीचे ‘वॉट टू’ म्हणजे वाहतूक, हेही मग लक्षात आले. पुढे एका वाक्याच्या आरंभी 1 हा आकडा होता आणि त्याला लागून ‘कटर चार’ असे शब्द होते. शिकाऊ मुलीने उत्साहाने वहीत ‘एक कटर, चार माणसे?’ असे टिपले. झाड कापायला कटर लागतोच, त्यामुळे तर्क चांगला होता. पण ते ‘वन खात्याच्या’ होते. आपला ‘वन’ ऐकून यंत्रणेने त्याला इंग्रजी एक समजले आणि अक्षरांऐवजी आकडा छापला. अशा मजकुरातला छापील आकडा हा बोलणाऱ्याचा आकडा नव्हे, एवढे त्यावरून ठरवून आम्ही बाकीच्या सगळ्या आकड्यांवर काट मारली.

आता केळ्यांची गोष्ट. शेवटून दुसऱ्या वाक्यात ‘बनानाज हॅझर्ड’ असे शब्द होते. इतर सगळे असंबद्ध असताना हा एक शब्द विषयाला चपखल बसत होता. कुळागरात सुपारीच्या सावलीत केळी असतातच, वाऱ्याला सर्वांत आधी आडवी होतात तीही केळीच. हा तुकडा सोडवण्याची गरजच नाही, तो आपोआप सुटलेला आहे, अशा समजुतीने मुलीने ‘केळीच्या बागायतीलाही फटका’ असे उपशीर्षक तयार केले. मलाही ते क्षणभर पटले. पण ट्रान्सफॉर्मर आणि पंचायत हे शब्द बातमीदार स्वतः तसेच उच्चारतो, म्हणून ते टिकले होते. मराठीत बातमी सांगणारा सत्तरीचा माणूस केळीला बनाना कशाला म्हणेल? मग तोच तुकडा पुढच्या शब्दांसह मोठ्याने म्हटला : बनानाजहॅझर्ड. पन्नास हजार! त्याच्यापुढे ‘रुपीज’ नव्हते, ‘रुपयांचे’ची काहीतरी मोडतोड होती, म्हणून ते आधी लक्षात आले नव्हते. पूर्ण बातमीत केळीचा उल्लेख कोठेही नव्हता. ज्या जागी असा मजकूर आपणहून अर्थ देऊ लागतो, तीच जागा मला तेव्हापासून सर्वांत संशयाची वाटते.

एक शब्द मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. ‘सॅट पॉपी ली मोड ऑन पॅड लॉ’ म्हणजे पोफळी मोडून पडल्या, हे स्पष्ट होते, पण किती? सात की साठ? मराठीत त आणि ठ हे वेगळे वर्ण आहेत, एक दंत्य आणि अल्पप्राण, दुसरा मूर्धन्य आणि महाप्राण. इंग्रजी नेमलेल्या यंत्रणेला हा भेद राखण्याचे काही कारण नाही, कारण तिच्या भाषेत त्यावरून शब्द बदलत नाहीत. दोन्ही उच्चार तिने ‘सॅट’मध्येच ओतले असते. म्हणजे आम्ही कितीही वेळा म्हणून पाहिले असते, तरी जो फरक मजकुरात उतरलाच नव्हता, तो कानाला सापडणार नव्हता. मूळ आवाज असता तर प्रश्नच नव्हता, पण आमचे बातमीदार वापरतात त्या कळफलकात बोलणे अक्षरांत उतरले की आवाज हाती राहत नाही. “पन्नास हजारांचं नुकसान म्हणजे साठच असणार ना, ताई?” असे मुलीने सुचवले. शक्यता होतीच, पण नुकसान घराचे होते की बागायतीचे की दोन्हींचे, तेही आम्हांला खात्रीने ठाऊक नव्हते. डाक आवृत्तीत आम्ही ‘अनेक पोफळी’ असे लिहिले, नुकसानीची रक्कम गाळली आणि पान सोडले.

रात्री उशिरा बातमीदाराचा फोन आला. “बाय, बातमी पावली मगो?” या त्यांच्या प्रश्नाला मी मजकुराची पहिली ओळ वाचून उत्तर दिले, तेव्हा पलीकडे आधी शांतता आणि मग मनमुराद हसणे. फोन दुरुस्तीहून आला होता आणि त्यातली सगळी मांडणी नव्याने करावी लागली होती. त्यांच्या मुलाने कळफलकात मराठी घालून दिली. पण त्यांच्या फोनमध्ये बोलून लिहिण्याच्या भाषांची यादी वेगळ्या जागी होती, आणि तिच्यात एकटी भारतीय इंग्रजी राहून गेली होती. कळफलकावर मराठी अक्षरे दिसत असल्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते, आणि वाचताना त्यांची नजर पडद्यावर नव्हे, वहीवर होती. पोफळी साठ होत्या. पन्नास हजार हा एकट्या कुळागराचा प्राथमिक अंदाज होता आणि तो पंचायत सदस्याने सांगितलेला होता.

फोनवर बोलतच त्यांनी ती यादी शोधून मराठी निवडली आणि पहिले वाक्य पुन्हा सांगून पाठवले. ‘काल संध्याकाळी वादळी वाऱ्यामुळे कुळ आगारांचे मोठे नुकसान झाले’ असे ते आले. भाषा बरोबर असली की चूक ही अशी शेजारच्या घरात जाऊन बसते आणि हात धरून परत आणता येते. मला खरी धास्ती वाटते ती तिसऱ्या प्रकाराची. यंत्रणा मराठीवर असते आणि बातमीदार गावकऱ्याचे बोलणे कोकणीतच म्हणून दाखवतो, तेव्हा उमटणारे शब्द देवनागरीत असतात, बरेचसे मराठीच असतात, आणि त्यांतला एखादा अर्थ बदलणारा शब्द थकलेल्या उपसंपादकाच्या नजरेखालून सहज निसटू शकतो. तशी अवतरणे आता आम्ही आवाजी संदेशाने वेगळी मागवतो. शहर आवृत्तीसाठी मी साठ पोफळी आणि पन्नास हजार हे दोन्ही आकडे, सांगणाऱ्याच्या हुद्द्यासह, अक्षरांत लिहिले, आणि मुलीने आपल्या केळीच्या उपशीर्षकाऐवजी वाहतूक दोन तास ठप्प झाल्याचे टाकले.