तीन तारखा आणि 13 लाख 80 हजार : पुरवणी मागणीचा माझा अनुभव

ही गोष्ट 2022 सालची, पण ती फाईल डोळ्यांसमोर आली की अजून माझं डोकं तापतं. मी गोव्यातल्या एका सरकारी खात्यात लेखा शाखेत आहे. आमच्याकडे फोंडा तालुक्यातल्या एका सरकारी शाळेच्या नव्या इमारतीचं काम चालू होतं. त्या आर्थिक वर्षात उरलेलं काम 5 कोटींचं, त्यावर 12 टक्के जीएसटी म्हणजे 60 लाख, अशी 5 कोटी 60 लाखांची तरतूद आम्ही अर्थसंकल्पात धरून घेतली होती. 18 जुलैला शाळा, दवाखाने, सांस्कृतिक वास्तू यांच्या सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा दर 12 वरून 18 टक्के झाला आणि आमचा हिशेब कोलमडला.

आधी स्वतःची चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांवर चिडायला मोकळा. जीएसटी परिषदेची सत्तेचाळिसावी बैठक 28 आणि 29 जूनला चंडीगढला झाली, तेव्हाच ही वाढ जाहीर झाली होती. 13 जुलैला अधिसूचना निघाली. मी पेपरात पॅकबंद तांदूळ आणि दही महागणार एवढंच वाचलं आणि पान उलटलं. कंत्राटदाराचं पत्र टेबलावर आलं तेव्हा महिना संपत आला होता. त्याने 18 जुलैला त्याच्या हातात न पडलेल्या प्रत्येक रुपयावर सहा टक्के जास्त मागितले होते : 3 कोटी 50 लाखांवर 21 लाख.

मी त्याच्याही पुढे गेलो. साहेब म्हणाले, "मेमो लगेच काढ." मी सरळ 5 कोटींचे सहा टक्के केले आणि 30 लाखांची पुरवणी मागणी, म्हणजे अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर जादा पैशांची मागणी, टाइप केली. दीड पानाचा मेमो, कारणाच्या जागी "करदरात अनपेक्षित वाढ झाल्यामुळे". जुलैच्या सुरुवातीला दीड कोटी जुन्या दराने देऊन झाले होते हे माझ्याच रजिस्टरात लिहिलेलं होतं. घाईत ते उघडायचं राहिलं.

फाईल पणजीच्या ज्या कार्यालयात छाननीला गेली तिथे ती चतुर्थीपर्यंत पडून राहिली. 10 ऑगस्टला पंचायत निवडणुका होत्या, अर्धी माणसं त्या ड्युटीवर. मग चतुर्थी 31 ऑगस्टला, आणि चतुर्थीच्या आठवड्यात गोव्यात कुठली फाईल हलते ते कुणाला सांगायला नको. कंत्राटदार रोज फोन करायचा. त्याचंही चुकत नव्हतं. त्याने बीजक दिलं की पुढच्या महिन्यात त्याला कर भरावाच लागतो, आमचे पैसे येवोत न येवोत.

सप्टेंबरात तिथल्या शिपायाचा फोन आला, "तुमची फायल परत आयल्या." वर शेरा होता : "18 जुलैपूर्वी झालेल्या कामास जुना दर लागू. वाढ फक्त त्यानंतरच्या 1 कोटी 50 लाखांच्या कामावर, म्हणजे 9 लाख. सुधारित प्रस्ताव पाठवावा."

म्हणजे आता तीन आकडे झाले. कंत्राटदाराचे 21 लाख, माझे 30 लाख, शेरा लिहिणाऱ्याचे 9 लाख. तिन्ही चूक. पण हे कळायला मला चार फेऱ्या आणि एक रविवार लागला.

पहिल्या फेरीत मी शेरा लिहिणाऱ्या गृहस्थांना विचारलं की हे कुठल्या नियमाने. ते म्हणाले, "काम आधी झालं ना? मग जुना दर. यात नियम कसला?" दुसऱ्या फेरीत ते रजेवर. तिसऱ्या फेरीत त्यांनी मला बाकावर दीड तास बसवलं आणि मग सांगितलं, "तुम्ही लेखी द्या." मी म्हटलं, "काय लेखी देऊ?" ते म्हणाले, "तेच, जे तुम्ही बोलता आहात." कदंबाच्या बसमधून फोंड्याला परतताना मी ठरवलं की आता कायदाच उघडायचा.

दर बदलला तर कुठला दर लावायचा, यासाठी केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 14 आहे. त्याची भाषा वाचून कंटाळा येतो, पण त्याचा गाभा दोन मिनिटांत समजतो. तीन तारखा बघायच्या : काम कधी झालं, बीजक कधी निघालं, पैसे कधी मिळाले. या तिन्हींपैकी दोन ज्या बाजूला, दर त्या बाजूचा. नुसती कामाची तारीख पुरत नाही, आणि नुसती पैशांचीही नाही. शेरा लिहिणारे पहिलीवर अडून बसले होते, कंत्राटदार तिसरीवर.

त्या रविवारी मी चारही बिलं जेवणाच्या टेबलावर मांडली. बायको म्हणाली, "पत्ते खेळताय का?"

पहिलं बिल दीड कोटीचं. काम मे महिन्यातलं, बीजक जूनचं, पैसे 4 जुलैला गेलेले. तिन्ही तारखा 18 जुलैच्या अलीकडे, प्रश्नच नाही, 12 टक्के. दुसरं 1 कोटी 20 लाखांचं. काम 8 जुलैपर्यंतचं, बीजक 13 जुलैचं, पैसे मात्र 17 ऑगस्टला दिले. दोन तारखा अलीकडे, म्हणून हेही 12 टक्के. इथे कंत्राटदार 7 लाख 20 हजार जास्त मागत होता. बीजकावर त्याने स्वतःच 12 टक्के लावले होते, ते दाखवल्यावर तो गप्प झाला.

तिसरं बिल 80 लाखांचं, आणि खरी गाठ इथेच होती. आतलं प्लास्टर आणि फरशी 16 जुलैला, शनिवारी, पूर्ण झाली. मोजमाप पुस्तकात नोंद व्हायला दिवस गेले आणि बीजक 29 जुलैला निघालं. पैसे तर अजून दिलेच नव्हते. काम अलीकडे, पण बीजक आणि पैसे दोन्ही पलीकडे. म्हणून 18 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार जास्त. शेऱ्यात धरलेलं नव्हतं ते हेच. चौथं उरलेलं दीड कोटीचं काम सगळंच पलीकडचं, त्यावर 9 लाख. एकूण वाढ 13 लाख 80 हजार.

चौथ्या फेरीला मी हा तक्ता घेऊन गेलो. चार ओळी, प्रत्येक ओळीत तीन तारखा, तारखांखाली बीजकाच्या आणि मोजमाप पुस्तकाच्या पानांच्या झेरॉक्स. गृहस्थांनी तो बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून म्हणाले, "पण तिसऱ्या बिलाचं बीजक उशिरा निघालं म्हणून सरकारला 4 लाख 80 हजारांचा भुर्दंड. याला जबाबदार कोण?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त लागला. काम संपल्यापासून तीस दिवसांत बीजक द्यायला कायद्याने मुभा आहे, आणि शनिवारी संपलेल्या कामाचं मोजमाप करून रविवारी बीजक काढणं कुणालाच जमलं नसतं. हे मी मेमोत एका परिच्छेदात लिहिलं, कुणावर बोट न ठेवता. तुमच्याकडे असं असेल तर तुम्हीही आधीच लिहा. तो प्रश्न येणारच, आणि शेऱ्यातून आला की महिना जातो.

आता मेमोबद्दल. "अनपेक्षित" हा शब्द लिहून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. मी दोन तारखा शेजारी ठेवल्या : तरतुदीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याआधीचा, आणि अधिसूचना 13 जुलैची. एवढं पुरलं. दुसरं, "पुढच्या वर्षी का चालणार नाही?" याचं उत्तर लिहा. आमचं उत्तर साधं होतं, की काम मार्चआधी संपतं आणि देणं याच वर्षी उभं राहतं. तरतुदीपेक्षा जास्त खर्च करून मग मंजुरी मागण्याचा रस्ता म्हणजे लोकलेखा समितीपुढे खुलासे देत बसणं. तो कुणी साहेब घेत नाही.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : सगळ्यात आधी निविदेतली कराची अट वाचा. आमच्या निविदेत दर कर वगळून होते आणि "जीएसटी लागू असेल त्याप्रमाणे वेगळा" असं वाक्य होतं. तुमच्या निविदेत दर करासह असतील आणि करबदल भरून देण्याची अट नसेल, तर कंत्राटदाराचा दावाच लंगडा पडतो. मग पुरवणी मागणीचा विषय येतच नाही.

सुधारित मेमोवर बचतीचा प्रश्न आला. आधी स्वतःच्या खात्याला मंजूर झालेल्या अनुदानात काय शिल्लक आहे ते दाखवा आणि उरलेलंच मागा, हा नियम आहे. आमच्या कार्यालयीन खर्चात चांगले 6 लाख उरणार होते. मी खूश होऊन तेच दाखवले. पण तो महसुली खर्च आणि इमारत भांडवली. महसुलीतली बचत पुनर्विनियोजनाने भांडवलीत वळवता येत नाही. तो कागद मी स्वतःच फाडला. शेवटी त्याच अनुदानाच्या भांडवली बाजूला प्रयोगशाळेच्या उपकरणांची खरेदी अंदाजापेक्षा स्वस्तात झालेली सापडली, 5 लाख 30 हजार. ते वळवायचे, म्हणजे पुरवणी मागणी 8 लाख 50 हजारांची. तीसवरून साडेआठवर आल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मधले साडेएकवीस लाख मी खिशात घातले होते.

त्यानंतर फाईल कशी गेली ते मला फारसं आठवतही नाही, इतकी ती सरळ गेली. दिवाळीच्या सुमारास वरून एकही शेरा न येता पुढे सरकली. संविधानाच्या कलम 205 खाली इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर विधानसभेपुढे आली आणि मंजूर झाली. तिसऱ्या बिलाचे मूळ पैसे आम्ही मधल्या काळात दिले होते, कराचा फरक मंजुरीनंतर दिला. कंत्राटदाराने फोन करणं थांबवलं. पेढे आणले नाहीत.

मग मार्चमध्ये शेवटचं बिल आलं. दीड कोटीच्या जागी 1 कोटी 46 लाखांचं, कारण कुंपणाची भिंत जागेवर मोजली तेव्हा थोडी कमी भरली. म्हणजे 4 लाख कामाचे आणि 72 हजार कराचे, असे 4 लाख 72 हजार उरले. ते 31 मार्चच्या आत परत करायचे, आणि त्यासाठी वेगळा मेमो. पणजीच्या त्याच टेबलावर, त्याच गृहस्थांकडे. त्यांनी कागद हातात घेतला, आकडा वाचला आणि विचारलं, "मग मागितले कशाला होते?"

मी नुसता तक्ता पुढे सरकवला.