बारीक, चपटे केस आणि थिनिंगची कात्री : माझा अनुभव

मुंबईतल्या पार्लरच्या खुर्चीत बसलं की बारीक केसांच्या बाईला एकच वाक्य ऐकायला मिळतं : "ताई, केस पातळ आहेत ना, लेअर्स देते, भरलेले दिसतील." मी त्यावर विश्वास ठेवला आणि सगळं तिथेच अडलं. शाम्पू बदलणं, वाळवण्याची पद्धत बदलणं ही कामं आठवड्याभरात जमली. चुकलेला कट निस्तरायला मात्र महिने गेले, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

लेअर्सने केस भरलेले दिसतात ते जाड केसांवर. आतले आखूड केस ताठ उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना उचलून धरतात. बारीक केसाला तेवढा ताठपणाच नसतो. आखूड कापला तरी तो उभा न राहता डोक्याला चिकटून पडतो. तोटा होतो तो खालच्या टोकांना. खांद्यापर्यंत पोचायला हवे होते ते बरेचसे केस गालाशी, हनुवटीशी थांबतात आणि खाली विरळ झिरमिळ्या उरतात. त्यावर दातेरी कात्री, म्हणजे थिनिंगची कात्री, फिरली की आणखी पंचाईत. ती बटेतले काही केस मध्येच कापते आणि काही सोडते. दाट केसांचा भार कमी करण्यासाठी ती बनलेली आहे, आणि आपल्याकडे कमी करण्याजोगा भार मुळातच नसतो. वस्तऱ्याने तासून केलेल्या फेदर कटचंही तेच, शिवाय त्याने टोकं लवकर फाटतात.

कट बिघडलाय हे ओळखायची सोपी खूण आहे. केस पुढे घ्या आणि टोकांमागे पांढरा कागद धरा. कागद जिथून आरपार दिसायला लागतो, तिथून खालचे केस नुसते लोंबत असतात, भरीव दिसण्यात त्यांचा काही वाटा नसतो. माझ्या बाबतीत कागद शेवटच्या चार बोटांत, म्हणजे साधारण सात सेंटीमीटरमध्ये, दिसत होता.

इथून दोनच वाटा निघतात. पहिली म्हणजे आखूड बटा खालच्या टोकांपर्यंत वाढू द्यायच्या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आखूड बटांना सात सेंटीमीटर गाठायला सहा-सात महिने लागणार. तोवर खालची टोकंही वाढतच राहतात, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी ती कापून तिथल्या तिथे ठेवावी लागतात. दुसरी वाट म्हणजे ते सात सेंटीमीटर एकदम उतरवायचे आणि हनुवटीच्या किंचित खाली सरळ रेषेत ब्लंट कट घ्यायचा. लांबी सोडवेना म्हणून मी पहिली वाट धरली, तीन महिने थांबले आणि मग दुसरीवरच आले. ते तीन महिने वाया गेले असं मी आजही म्हणते. सगळी टोकं एका रेषेत आली की तेवढेच केस लगेच दाट दिसतात, कारण शेवटची कड भरीव होते. लांबी कमी झाल्याने वजनही कमी होतं आणि मुळं कमी ओढली जातात. बारीक केसांना हनुवटी ते गळ्याच्या हाडापर्यंतची लांबी मानवते. त्याखाली गेले की ते स्वतःच्याच वजनाने चपटे होतात.

खुर्चीत बसल्यावर नुसतं "व्हॉल्यूम पाहिजे" म्हणू नका, त्याचं उत्तर लेअर्स हेच येतं. कात्री हातात घ्यायच्या आधी सांगा : थिनिंग नको, रेझर नको, खालची रेषा सरळ ठेवा. लेअर हवाच असेल तर फक्त मागे, माथ्याखालच्या भागात, आणि तोही खालच्या रेषेपेक्षा दोन बोटंच आखूड. "थोडंसंच टेक्श्चर देते" असं म्हणत दातेरी कात्री उचलली तर तिथेच थांबवा. भिडेखातर गप्प राहिलात तर पुढचं अर्ध वर्ष त्यात जातं.

आता धुण्याचं. "रोज धुतले तर केस गळतात" हे आपल्याकडे पक्कं बसलंय. धुताना हातात येतात ते बहुतेक आधीच सुटलेले केस असतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं नेहमीचंच, दोन दिवस धुतले नाहीत तर ते एकदम दिसतात इतकंच. बारीक, सरळ केसावरून डोक्याचं तेल पटकन खाली उतरतं आणि केस एकमेकांना चिकटतात. मुंबईचा घाम आणि लोकलची गर्दी असताना एक दिवसाआड, उन्हाळ्यात रोजही, सौम्य शाम्पूने धुवायला हरकत नाही. एक छोटा चमचा शाम्पू मगभर पाण्यात कालवा आणि बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, मिनिटभर फक्त डोक्याची त्वचा चोळा. लांबीला खाली ओघळणारा फेस पुरतो. कंडिशनर वाटाण्याएवढा, कानाच्या खालीच. तरीही केस जड वाटले तर क्रम उलटा करा : आधी टोकांना कंडिशनर, मग शाम्पू. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर त्यातल्या क्षारांचा थर बसतो आणि केस एकाच वेळी राठ आणि चपटे वाटतात. अशा वेळी शेवटचा मग पिण्याच्या पाण्याचा घ्या.

रात्रभर डोक्यावर तेल थापणं बारीक केसांना सोसत नाही. ते काढायला दोनदा शाम्पू लागतो, आणि कोंडा असेल तर तो वाढवणाऱ्या बुरशीला तेलाने खाद्यच मिळतं. खोबरेल लांबीसाठी मात्र खरंच चांगलं. अर्धा छोटा चमचा, कानाखाली, धुण्याच्या तासभर आधी.

उभारी ठरते ती वाळताना. भिजलेल्या केसाचे आतले काही बंध सुटतात आणि वाळताना ज्या स्थितीत केस असेल तिथेच पुन्हा जुळतात. म्हणून डोक्यावर चपटे वाळू दिलेले केस दिवसभर चपटेच राहतात. सुती पंच्याने टिपून घ्या, घासू नका. मग लिंबाएवढं मूस दोन्ही तळव्यांवर पसरून ओलसर मुळांशी लावा. मान खाली घालून, ड्रायर वीतभर लांब धरून, मध्यम उष्णतेवर मुळं जवळजवळ वाळेपर्यंत फिरवा. सरळ उभं राहून भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडा आणि पाच मिनिटं केसांना हात लावू नका, गरम असताना विंचरले तर आलेला फुगवटा बसतो. दमट हवेने ते बंध पुन्हा सैल होतात, त्यामुळे पावसाळ्यात दुपारपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. तेव्हा पुन्हा ओलं न करता भांग बदलायचा, इतकंच.

ड्राय शाम्पू वीतभर अंतरावरून मुळांवर मारा, दोन मिनिटं थांबा, मग ब्रशने झटका. ओल्या किंवा घामट डोक्यावर मारलात तर त्याचा लगदा होतो. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नको, तिसऱ्या दिवशी धुवायचंच. खाज सुटली किंवा पापुद्रे दिसले तर तो आणि मूस दोन्ही बंद.

हे सगळं बारीक केसांसाठी आहे, विरळ होणाऱ्या केसांसाठी नाही. भांग रुंदावत असेल किंवा रबराला पूर्वीपेक्षा एक वेढा जास्त पडत असेल, तर कट आणि मूस यांत पैसे न घालता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लोह किंवा थायरॉइडची तपासणी लागेल का, ते तिथेच कळतं.

आणि एक राहिलं. ब्लंट कटची रेषा दोन महिन्यांत विस्कटते. सहा ते आठ आठवड्यांनी फक्त एक सेंटीमीटर कापून घ्या, आणि त्या वेळीही "थिनिंग नको" हे पुन्हा सांगा.