बाकी कुणाचीच नाही

सोसायटीच्या खजिनदाराच्या नशिबी आनंदाचे क्षण मोजकेच. सगळ्यांचा मेंटेनन्स जमा होणं हा त्यातला सर्वोच्च. आमच्या खजिनदार काकांच्या वाट्याला तो मार्चअखेरीला आला. चाळीस फ्लॅट, चाळीसही पावत्या फाडून झालेल्या. एक्सेलमध्ये थकबाकीदारांची यादी आपोआप तयार होते, ती बघायला काका गेले तर तिथे `#CALC!`. "अरे, सगळ्यांनी पैसे भरले तर याचं पोट का दुखतंय?" काकांनी मला विचारलं.

सूत्र साधंच होतं. अ रकान्यात फ्लॅट, ब मध्ये नाव, क मध्ये बाकी, आणि बाकी शून्याच्या वर असेल तीच ओळ उचलायची:

```
=FILTER(A2:C41, C2:C41>0)
```

FILTER सापडलेल्या ओळी एका सेलपासून खाली-उजवीकडे पसरवतो. तीन थकबाकीदार असले तर तीन ओळी. एकही नसला की त्याच्या हाती रिकामी यादी उरते, आणि रिकामी यादी शीटवर मांडायची सोयच एक्सेलमध्ये नाही. म्हणून तो हात वर करतो. हिशेबात चूक काहीच नसते, उत्तर "कुणी नाही" एवढंच असतं. पण ते कसं बोलायचं, हे आपण त्याला सांगितलेलं नसतं.

सांगायची जागा FILTER मध्येच आहे, तिसरी:

```
=FILTER(A2:C41, C2:C41>0, "थकबाकी कुणाचीच नाही")
```

काका खूश. हे वाक्य त्यांनी स्वतः टाइप केलं. पुढे दोन उद्गारचिन्हंही घालायची होती, ती मी घालू दिली नाहीत.

गुगल शीट्सवाल्यांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे काहीच न सापडल्यास `#N/A` येतं, आणि तिसरी जागा आणखी एका अटीसाठी असते. तिथे अख्ख्या FILTER ला बाहेरून `IFNA` मध्ये गुंडाळायचं आणि निरोप त्यात द्यायचा.

एक्सेलमध्येही बरेच जण सवयीने बाहेरून `IFERROR` लावतात. मला ते पटत नाही. समजा नवी ओळ घालताना कुणी अट `C2:C40` वरच ठेवली आणि यादी `A2:C41` झाली. दोन्हींची लांबी जुळत नाही, म्हणून `#VALUE!` यायला हवं. `IFERROR` ते गिळतो आणि बिनदिक्कत जाहीर करतो की थकबाकी कुणाचीच नाही. तिसऱ्या जागेतला निरोप एवढा भोळा नाही. अट नीट तपासली गेली आणि तरी काही सापडलं नाही, तरच तो दिसतो. बाकीच्या चुका जशा आहेत तशा वर येतात, आणि त्या यायलाच हव्यात.

गंमत पुढे झाली. यादीच्या वर काकांनी "एकूण थकबाकीदार" असा आकडा ठेवला होता, FILTER च्या ओळी `ROWS` ने मोजून. निरोप आल्यावर तिथे 1 दिसायला लागला. हा एक कोण, यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन-तीन नावं सुचवूनही झाली. थकबाकीदार म्हणजे तो निरोपच होता. सेलमध्ये बसलेलं वाक्य ही `ROWS` साठी एक ओळ. निरोपाच्या जागी नुसतं `""` ठेवलं तरी तेच, दिसत काही नाही पण मोजली जाते. मोजणी यादीवरून करूच नये, ती मूळ रकान्यावरून करावी:

```
=COUNTIF(C2:C41, ">0")
```

आता दुसरी यादी. वर `H1` मध्ये फ्लॅट नंबर टाकायचा की त्या फ्लॅटचा हिशेब खाली येतो, नाही तर "या फ्लॅटची नोंद नाही". काकांनी 204 टाकलं, नोंद नाही म्हणाला. आता 204 मध्ये तर काका स्वतःच राहतात! फ्लॅटचा रकाना कुणीतरी मजकूर म्हणून भरला होता, आणि `H1` मधलं 204 होतं संख्या. डोळ्यांना दोन्ही सारखीच. FILTER च्या `=` ला मात्र वेगळी. ओळखायची खूण अशी, की `=COUNTIF(A2:A41,H1)` हा भेद करत नाही. तो 1 म्हणतोय आणि FILTER म्हणतोय नोंद नाही, तर भानगड मजकूर-संख्येचीच. `#CALC!` असतं तर काकांनी निदान हाक मारली असती. इतक्या सभ्य मराठीत सांगितल्यावर ते स्वतःचाच फ्लॅट रजिस्टरमध्ये शोधायला निघाले होते.

म्हणून ते वाक्य आम्ही बदललं. आता तिथे "204 सापडला नाही, नंबर तपासा" असं काहीसं येतं, टाकलेला नंबर वाक्यातच जोडून. आणि `H1` रिकामाच असला तर शोधायच्या भानगडीत न पडता आधी तेवढंच सांगायचं:

```
=IF(H1="", "वर फ्लॅट नंबर टाका",
 FILTER(A2:C41, A2:A41=H1, H1&" सापडला नाही, नंबर तपासा"))
```

काकांनी क रकान्यात एका ठिकाणी शून्याऐवजी "भरले" लिहिलंय, ते अजून निस्तरायचंय. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा, त्यामुळे पैसे भरलेला तो बिचारा थकबाकीदारांच्या यादीत एकटाच झळकतोय.