पाइपभोवतीची मोकळी जागा मी बुजवली होती

लाकडाच्या शेगडीचा पाइप छपरातून बाहेर काढायचं काम पहिल्या वेळी मी स्वतःच केलं. छत लाकडी. साधा एकपदरी पाइप आणि शेजारचा वासा यांत जेमतेम तीन इंचांची फट राहत होती. ती मी रॉकवूलने, म्हणजे दगडापासून बनवलेल्या लोकरीसारख्या उष्णतारोधकाने, गच्च भरली. हिशोब सरळ होता: रॉकवूल जळत नाही, म्हणजे लाकूड सुरक्षित.

दोन हिवाळे काही झालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात शेगडी बराच वेळ पेटती राहिली की वरून करपल्यासारखा वास यायला लागला. वाटलं, नवीन रंगाचा असेल. शेवटी एकदा माळ्यावर चढून रॉकवूलचा बोळा उपसला. पाइपकडच्या बाजूने वासा काळपट तपकिरी झाला होता. नखाने खरवडलं तर काळी भुकटी हातात आली.

माझं कुठे चुकलं ते चिमणी बसवणाऱ्या कारागिराने समजावलं तेव्हा कळलं. रॉकवूल उष्णता थांबवत नाही, तिचा वेग कमी करतं. तासभर शेगडी पेटवली तर फरक कळणार नाही, पण सात-आठ तासांत उष्णता झिरपत लाकडापर्यंत पोचते आणि तिथून निघून जायला वाट नसते. मोकळी हवा असती तर ती तापून वर गेली असती, लाकडाला गार ठेवत. त्यात लाकूड असं महिनोन्‌महिने तापत राहिलं की त्याचं हळूहळू कोळशात रूपांतर होतं, आणि ते नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. दोन वर्षं काही झालं नाही, हा पुरावाच नव्हता. त्या दोन वर्षांत वासा पेट घ्यायला तयार होत होता!

मुळात एकपदरी पाइप छतातून न्यायचाच नसतो. अमेरिकी मानकांत अशा पाइपाला जळणाऱ्या वस्तूंपासून १८ इंच अंतर सांगितलंय, आणि तेही खोलीत उघड्यावर. छतापासून वर लागतो तो कारखान्यात बनलेला दुपदरी पाइप, ज्याच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक भरलेलं असतं. हे भरणं चालतं, कारण पाइपची चाचणी बाहेरच्या मोकळ्या जागेसकट झालेली असते. शिवाय आतला धूर गरम राहतो, ओढ चांगली लागते आणि काजळीचं डांबर कमी साचतं. मी घेतलेल्या पाइपावर लिहिलं होतं: सर्व बाजूंनी २ इंच मोकळी हवा. हा आकडा पाइपागणिक बदलतो, म्हणून लेबल वाचूनच भोक कापावं.

आता माप. पाइप आतून ६ इंच, बाहेरून ८. दोन्ही बाजूंना २ इंच धरले की माळ्याखालच्या छतात १२ इंचांची चौकोनी चौकट. जळका वासा कापून दोन्ही टोकांना आडवे तुकडे ठोकून ती बसवली. छपरात मात्र गंमत आहे. उतार ३० अंशांचा, म्हणून उताराच्या दिशेने तेच १२ इंच जवळजवळ १४ होतात, तेही भोकाच्या कडा ओळंब्याने उभ्या कापल्या तरच. मी आधी करवत छपराला काटकोनात धरली होती. छपराच्या जाडीमुळे खालच्या अंगाला लाकूड पाइपाच्या जवळ आलं आणि पुन्हा कापावं लागलं.

माळ्यावर पाइपभोवती पत्र्याचं एक नळकांडं बसतं. माळ्यावर पसरलेलं इन्सुलेशन घसरून त्या दोन इंचांत पडू नये एवढंच त्याचं काम. वर छपराच्या भोकातून पाणी आत येऊ न देणारा फ्लॅशिंगचा पत्रा, आणि त्यावर पाइपला घट्ट बसणारी कॉलर. सीलंट फक्त कॉलर आणि पाइप यांच्या सांध्यावर. कॉलरखालची फट बंद केली नाही, कारण पाइपभोवतीची गरम हवा तिथूनच बाहेर पडते. पाऊस आत येईल ही भीती मला होती, पण पाणी कॉलरवरून फ्लॅशिंगवर उतरतं.

पहिल्या दिवशी पाच तास जाळ ठेवला आणि माळ्यावर जाऊन चौकटीच्या लाकडावर तळहात टेकवला. कोमट. जुन्या वाशाला हात लावून दोन सेकंदही ठेवता येत नव्हता.

पुढच्या हिवाळ्याआधी टॉर्च घेऊन पुन्हा पाहिलं, तर त्या दोन इंचांत उंदराने सुकं गवत आणि चिंध्या ओढून घरटं केलेलं. चिमट्याने सगळं काढलं. आता दरवर्षी शेगडी पेटवण्याआधी एकदा वर जातो.