दर्भाचा कावळा

मित्राला जाऊन आज अकरावा दिवस. काल घाटावरून परतल्यापासून एकच गोष्ट मनातून हलत नाही, म्हणून ही वही उघडली.

काल ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवून सगळे मागे सरले आणि कावळा काही शिवेना. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता, तिथल्या पिंडाला कावळ्यांनी आल्याआल्या चोच मारली होती. याच्या पिंडाकडे मात्र मान वाकडी करून पाहिले तेवढेच. धाकट्या भावाने हात जोडून सांगितले, "मुलांच्या शिक्षणाचे मी पाहीन." वहिनी काही पुटपुटल्या, ते आम्हांला ऐकू आले नाही. अर्धा तास असाच गेला. मग गुरुजी मागे वळून म्हणाले, "आणखी कुणाला काही ठाऊक आहे का? काही इच्छा राहिली असेल, कुणाजवळ बोलले असतील." मला ठाऊक होते. मी सगळ्यांच्या मागे, चपलांच्या रांगेपाशी उभा होतो आणि मी बोललो नाही.

ठाऊक होते ते फार मोठे नव्हते. २००९ च्या डिसेंबरात आम्ही दोघे बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायला निघालो होतो. कोकणकड्याच्या अंगाने वर जाणारी, धोंड्यांनी भरलेली ती घळ अर्धीअधिक चढून झाल्यावर माझा पाय सटकला, गुडघा मुरगळला, आणि माझी पिशवी आपल्या पिशवीवर बांधून त्याने मला संध्याकाळपर्यंत खाली आणले. त्यानंतर दरवर्षी दिवाळी आटोपली की त्याचा फोन येई, "या डिसेंबरात नळी." आणि दरवर्षी माझ्याकडे कारण तयार असे. एकट्याने किंवा दुसऱ्या कुणाबरोबर तो सहज जाऊन आला असता, पण गेला नाही. ही गोष्ट त्याच्या घरी कुणाला माहीत असेल असे वाटत नाही.

ती तिथे बोलून दाखवायला मला कोणता संकोच झाला? मागच्या दोन वर्षांत आमच्या भेटी झाल्या चार, त्यांतल्या दोन दुसऱ्यांच्या घरच्या लग्नांत. त्याच्या कचेरीतला एक गृहस्थ, जो रोज त्याच्यासमोर बसून डबा खात असे, काल पायरीवर बसून हुंदके देत होता, आणि मला त्याचा चक्क मत्सर वाटला. त्याच्या दुःखाला रोजच्या डब्याचा पुरावा होता. माझ्याजवळ काय होते? पंधरा वर्षांपूर्वीचा एक सुजलेला गुडघा. ज्या घरातला कर्ता माणूस सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही, त्या घरातल्या माणसांच्या पुढे जाऊन "त्याची माझ्याबरोबर डोंगर चढायची इच्छा राहिली आहे" असे सांगणे मला पोरकट वाटले. पोरकट म्हणतो खरा, पण तो शब्द नेमका नाही. आपण पुढे झालो तर सगळे वळून पाहतील आणि त्यांच्या डोळ्यांत "हे कोण?" असा प्रश्न असेल, याची ती भीती होती.

त्या प्रश्नाचे उत्तर मला खरोखरच देता येत नाही. त्याच्या चुलतभावाला दहा दिवसांचे सुतक होते. गेल्या सहा वर्षांत त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, पण सपिंड म्हणून त्याला ते आपोआप लागले. मला लागले नाही. सुतक म्हणजे नुसती मनाई, अशी माझी आजवर समजूत होती: देवपूजा नाही, गोडधोड नाही, कुणाकडे जायचे नाही. या दहा दिवसांत कळले की त्यात मुभाही असते. सुतक असलेल्या माणसाने गप्प बसलेले चालते, त्याच्याकडे कुणी हिशेब मागत नाही, शेजारच्या घरून पिठलंभात येतो, आणि दहाव्या दिवशी ते फिटते. मला काही लागलेच नव्हते, म्हणून तो गेल्याच्या चौथ्या दिवशी मी हिच्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलो आणि पंगतीत आग्रह झाला तेव्हा दोन जिलब्या खाल्ल्या. दुसरी जिलबी कशासाठी खाल्ली, हे मला अजून सांगता येत नाही. आणि जे लागलेच नाही ते फिटणार तरी कोणत्या दिवशी?

इतके लिहून थांबलो होतो. चहा झाला. वरचे पुन्हा वाचताना माझे मलाच थोडे हसू आले, कारण या साऱ्या दैन्यामागे एक भलताच गर्व दडलेला आहे. घाटावर चाळीस माणसे उभी असताना तो कावळा माझ्या एका वाक्यासाठी अडून बसला होता, असे मी काल दुपारपासून धरून चाललो आहे! तो स्वतः हे ऐकता तर मला रस्त्यात थांबवून हसला असता. कावळ्याचे पोट शेजारच्या पिंडाने भरले असेल, यापलीकडे त्यात काही नसेल. शेवटी गुरुजींनी नेहमीप्रमाणे दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि मंडळी घाईने उठली, कारण ऊन फार झाले होते.

तरीही दुपारी आमच्या घरच्या गुरुजींना फोन केलाच. बाबा गेल्यापासून आमच्याकडचा महालय तेच सांगतात. मित्राचे काही असते का, असे आडून आडून विचारले. मी कुणाविषयी विचारतो आहे हे त्यांनी विचारले नाही, हे बरे झाले. ते म्हणाले, "अहो, महालयात तुम्ही दरवर्षी म्हणता की. शेवटचा शब्द आठवा." आठवला. आईवडिलांच्या तीन तीन पिढ्यांपासून सुरू होणारी ती यादी काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू असे करत करत "शिष्याप्ताः" या शब्दावर टेकते. त्यातल्या आप्तांत मित्र येतो, असे ते म्हणाले. मी तो शब्द इतकी वर्षे उच्चारीत आलो आहे, आणि तोवर पाय अवघडलेले असल्यामुळे आता संपले एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

मग त्यांनी आणखी एक सांगितले. याज्ञवल्क्य स्मृतीत मित्राला द्यायच्या पाण्याला "कामोदक" म्हटले आहे. सपिंडांना पाणी द्यावेच लागते. मित्र, लग्न होऊन गेलेली मुलगी, भाचा, सासरा आणि ऋत्विज यांना द्यायचे ते आपल्या इच्छेने. दिले नाही तर दोष नाही. हे ऐकून आधी बरे वाटले आणि मग तितके बरे वाटेना. सक्ती असती तर हक्काचा प्रश्नच उरला नसता, ओंजळ पुढे करून मोकळा झालो असतो. आता कुणी मला बोलावणार नाही आणि कुणी अडवणारही नाही. द्यायचे की नाही हे माझ्यावर सोडलेले आहे, आणि माझ्यावर सोडलेल्या गोष्टींचे काय होते ते त्याला दर डिसेंबरात कळतच होते.

"वर्ष होईपर्यंत महालयात घेऊ नका," फोन ठेवता ठेवता गुरुजी म्हणाले. "पुढचा भाद्रपद जाऊ दे, त्याच्या पुढच्या वेळी नाव सांगा." म्हणजे इथेही थांबायचेच आहे. मधे दोनदा डिसेंबर येईल. वहिनींना नळीविषयी सांगायला हवे, पण ते तेराव्याला नको, गर्दी असेल. गुडघा एकदा दाखवून घेतो.